रोजनिशीतून तीन काळ: चौथीच्या वर्गासाठी पंधरा तासिकांचा क्रम

चौथीच्या वर्गात काळ शिकवायला पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला बहुतेकदा असे वाटते की वर्तमानकाळ, भूतकाळ आणि भविष्यकाळ हे तीन सारखे भाग आहेत आणि प्रत्येकाला सारखाच वेळ दिला की काम झाले. नवी मुंबईतील शाळांमध्ये काही वर्षे हा घटक शिकवल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. वर्तमानकाळ आणि भविष्यकाळ मुले लवकर आत्मसात करतात, तर भूतकाळात बराच काळ अडखळतात, कारण मराठीच्या भूतकाळात क्रियापद कधी काम करणाऱ्याच्या मागे जाते आणि कधी ज्यावर काम झाले त्या वस्तूच्या मागे जाते. ‘मी उठलो’ लिहिणाऱ्या मुलाने ‘मी पोळी खाल्लो’ लिहिले, तर त्याने स्वतःच्या समजुतीप्रमाणे नियमच पाळलेला असतो. दिनचर्येच्या रोजनिशीमध्ये ही अडचण दररोज, त्याच दहा क्रियापदांतून समोर येते, म्हणूनच ही रोजनिशी काळ शिकवण्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटते.

2020 च्या कायद्यानंतर राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे किंवा नेरूळ येथील वर्गात घरी मराठी बोलणारी, हिंदी बोलणारी, आगरी बोलणारी आणि दक्षिणेतील भाषा बोलणारी मुले एकाच बाकावर बसलेली आढळतात. पुढील क्रम अशा मिश्र वर्गासाठी आहे. त्याला पंधरा तासिका लागतात आणि प्रत्येक तासिकेतील सुमारे पंचवीस मिनिटे पुरतात. त्यांपैकी तीन ‘रोज’च्या पानाला, तीन ‘उद्या’च्या पानाला, सात ‘काल’च्या पानाला आणि शेवटच्या दोन मिश्र सरावाला द्याव्यात.

दहा वाक्ये निवडणे

प्रत्येक मुलासाठी एकेरी रेघांची एक वेगळी वही ठेवावी आणि ती शाळेतच राहू द्यावी, कारण वही घरी गेली की अनेकदा पालक किंवा शिकवणीच्या ताई चुका दुरुस्त करून पाठवतात आणि मूल नेमके कोठे अडले ते शिक्षकाला कळत नाही. वर्ग सुरू होण्यापूर्वी शिक्षकाने दिनचर्येतील दहा वाक्ये ठरवून घ्यावीत. ही निवड नीट विचार करून करायची आहे, कारण पुढचे सगळे काम तिच्यावरच अवलंबून आहे. मी वापरते ती वाक्ये, एका मुलीच्या तोंडी, अशी आहेत:

मी सकाळी सहा वाजता उठते.
मी दात घासते.
मी आंघोळ करते.
मी दूध पिते.
मी पोळी खाते.
मी गणवेश घालते.
मी शाळेत जाते.
मी घरी येते.
मी गृहपाठ करते.
मी रात्री नऊ वाजता झोपते.

या दहांमध्ये पाच क्रियापदे अशी आहेत की भूतकाळात ती बोलणाऱ्याप्रमाणे बदलतात आणि पाच अशी की ती वस्तूप्रमाणे बदलतात. वस्तूंमध्येही ‘पोळी’ आणि ‘आंघोळ’ स्त्रीलिंगी, ‘गणवेश’ आणि ‘गृहपाठ’ पुल्लिंगी, तर ‘दात’ पुल्लिंगी अनेकवचनी आहे. एखाद्या मुलाच्या घरी दुधाऐवजी चहा किंवा पोळीऐवजी भाकरी असेल तर त्याला तसे लिहू द्यावे, मात्र क्रियापद तेच ठेवावे. कोणाच्या घरी काय खातात, कोण किती वाजता कामावरून परत येते, यांची तुलना वर्गात होऊ देऊ नये. दुपारच्या सत्रातील मुलांसाठी वाक्यांचा क्रम बदलेल, कारण त्यांचा गृहपाठ शाळेच्या आधी होतो, पण क्रियापदांची यादी बदलण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: ‘रोज’चे पान

वर्तमानकाळाच्या पानाला ‘आज’ असे शीर्षक देणे ही नवीन शिक्षकाची सर्वांत सामान्य चूक असते. सकाळी दहा वाजता वर्गात बसलेल्या मुलाचे आजचे उठणे, दात घासणे आणि आंघोळ होऊन गेलेली असते. ‘आज मी सहा वाजता उठते’ असे कोणीही मराठी माणूस बोलत नाही. तो ‘आज मी सहा वाजता उठले’ किंवा ‘उठलो’ असेच म्हणतो. त्यामुळे ‘आज’ म्हणजे वर्तमानकाळ हे समीकरण मुलाच्या कानाला पटत नाही आणि ते गोंधळते. दिनचर्या सांगताना आपण जो वर्तमानकाळ वापरतो तो नेहमीच्या सवयीचा असतो, म्हणून पानाच्या डोक्यावर ‘रोज’ असे लिहावे.

पहिल्या तासिकेत मुलांनी ही दहा वाक्ये प्रथम तोंडी सांगावीत आणि नंतर वहीत लिहावीत. दुसऱ्या तासिकेत एक मुलगा आणि एक मुलगी अशी जोडी करून दोघांची पाने शेजारी ठेवावीत आणि त्यांना एकच प्रश्न विचारावा: तुमच्या दोघांच्या पानांवरील किती क्रियापदे अगदी सारखी आहेत? उत्तर शून्य येते, कारण मुलगा ‘उठतो, घासतो, करतो’ लिहितो आणि मुलगी ‘उठते, घासते, करते’ लिहिते. हा शून्याचा आकडा पानाच्या खाली लिहून ठेवायला सांगावा. त्याचा उपयोग पुढे होणार आहे. केवळ मुलांची किंवा केवळ मुलींची शाळा असेल तर शिक्षकाने दुसरे पान स्वतः फळ्यावर लिहावे.

तिसऱ्या तासिकेत ‘मी’च्या जागी आई, दादा आणि बाबा घालून तोंडी सराव घ्यावा. ‘बाबा उठतात’ हे आदरार्थी रूप मुलांना सहज येते आणि ‘आई उठते’ हे एकवचनही सहज येते. येथे नियम समजावून सांगण्याची गरज नाही. वाक्य मोठ्याने म्हटले की पुरे.

दुसरी पायरी: ‘उद्या’चे पान

वर्तमानकाळानंतर भूतकाळ न घेता भविष्यकाळ घ्यावा, असा माझा आग्रह आहे. पुस्तकांमध्ये क्रम वेगळा असला तरी वर्गात हा क्रम सोपा पडतो, कारण मराठीच्या भविष्यकाळात लिंगाचा प्रश्नच येत नाही. मुलगा आणि मुलगी दोघेही ‘मी उठेन’ असेच म्हणतात. त्याच जोडीने ‘उद्या’ची पाने शेजारी ठेवली की दहाच्या दहा क्रियापदे सारखी निघतात: उठेन, घासेन, करेन, पिईन, खाईन, घालेन, जाईन, येईन, करेन, झोपेन. पानाखाली दहाचा आकडा लिहावा. कालपर्यंत शून्य आणि आज दहा, हे पाहून मुले स्वतःच विचारू लागतात की असे का झाले.

लेखनात एक गोष्ट फळ्यावर दाखवावी लागते. धातूच्या शेवटी व्यंजन असेल तेथे ‘एन’ येते आणि खा, पी, जा, ये यांसारख्या स्वरान्त धातूंना ‘ईन’ लागते, आणि ही ई दीर्घ असते. ‘पिईन’मधला ‘पि’ ऱ्हस्व आणि ‘ई’ दीर्घ, हे मुलांकडून दोन-तीन वेळा लिहून घ्यावे. ‘करेन’ऐवजी ‘करीन’ लिहिणारे मूल चुकलेले नसते. दोन्ही रूपे मराठीत चालतात, पण एका वर्गात एकच रूप ठरवून घेतले तर मुलांचा गोंधळ कमी होतो.

या पायरीवर अपेक्षित असलेली चूक म्हणजे ‘मी जाईल’, ‘मी करेल’. ती फक्त हिंदी घरातील मुलेच करतात असे नाही. मराठी घरांतही मोठी माणसे असे बोलतात आणि मुलांच्या कानाला ते बरोबर वाटते. त्यामुळे ‘हे चूक आहे’ एवढे सांगून काम होत नाही. ‘मी जाईन, तो जाईल’ अशी जोडवाक्ये दहा क्रियापदांसाठी मोठ्याने म्हणून घ्यावीत आणि ‘मी’च्या वाक्याच्या शेवटी ‘न’ ऐकू आला की हात वर करायला सांगावे. सहाव्या तासिकेपर्यंत बहुतेक मुलांचे लेखन सुधारते. बोलण्यातला ‘जाईल’ मात्र लगेच जात नाही, आणि तो लगेच जावा अशी अपेक्षाही ठेवू नये.

सहावी तासिका संपताना प्रत्येक मुलाने दुसऱ्या दिवशी आपण खरोखर काय करणार आहोत ते दहा वाक्यांत लिहावे आणि त्यात आपल्या मनाचे एखादे अकरावे वाक्य जोडावे. पान बंद करून वही जमा करावी. दोन दिवसांनी हेच पान पुन्हा उघडायचे आहे, कारण तोपर्यंत त्यावरील ‘उद्या’चा ‘काल’ झालेला असेल.

तिसरी पायरी: ‘काल’चे पान

या पायरीला सात तासिका ठेवल्या आहेत आणि त्या पूर्ण लागतात. पहिल्याच दिवशी ‘काल’चे पान लिहायला देऊ नये. त्याऐवजी एका मुलाला पुढे बोलवावे, टेबलावर एक डबा, पाण्याची बाटली आणि दप्तर ठेवावे आणि त्याला एकेक वस्तू भरायला सांगून प्रत्येक वेळी वर्गाला विचारावे की याने काय केले. वर्ग सांगतो: डबा भरला, बाटली भरली, दप्तर भरले. नंतर हीच कामे एका मुलीकडून करून घ्यावीत. वाक्ये पुन्हा तीच येतात: डबा भरला, बाटली भरली, दप्तर भरले. भरणारा बदलला तरी क्रियापद बदलले नाही, पण वस्तू बदलली तशी ते बदलले, हे मुलांच्या डोळ्यांसमोर घडते. दप्तराऐवजी कोणी ‘बॅग’ म्हटले तर ‘बॅग भरली’ होते, आणि यात मुलांना विशेष रस वाटतो, कारण वस्तू तीच, भरणारा तोच, फक्त तिचे नाव बदलले तरी क्रियापद बदलले.

दुसऱ्या दिवशी ‘उद्या’चे जुने पान उघडून शेजारच्या कोऱ्या पानावर ‘काल’ असे शीर्षक लिहावे आणि मुलांनी तेच दहा प्रसंग जसे घडले तसे लिहावेत. हा पहिला मसुदा शिक्षकाने मध्ये न बोलता लिहू द्यावा. मग तो वाचताना फार काळजी घ्यावी लागते, कारण बरोबर दिसणारे प्रत्येक वाक्य समजून लिहिलेले असतेच असे नाही.

माझ्या वर्गातील एका मुलीचा असा मसुदा आठवतो. तिच्या घरी हिंदी बोलली जाते. तिने लिहिले होते: ‘काल मी साडेसहा वाजता उठली. मी दात घासली. मी आंघोळ केली. मी दूध प्यायली. मी पोळी खाल्ली. मी गणवेश घातली. मी शाळेत गेली. मी घरी आली. मी गृहपाठ केली. मी नऊ वाजता झोपली.’ यांतील आंघोळ आणि पोळी ही दोनच वाक्ये बरोबर आहेत, आणि तीही योगायोगाने. आपण मुलगी आहोत म्हणून सगळीकडे ‘ली’ लावायचे, असा तिचा नियम होता आणि पोळी व आंघोळ स्त्रीलिंगी असल्यामुळे तेथे तो जुळून आला. या दोन वाक्यांना बरोबरची खूण केली असती तर तिचा चुकीचा नियमच पक्का झाला असता.

त्याच बाकावरील मुलाने सगळीकडे ‘लो’ लावले होते: ‘मी उठलो, मी दात घासलो, मी आंघोळ केलो, मी दूध प्यायलो, मी पोळी खाल्लो’ आणि याच पद्धतीने झोपेपर्यंत. त्याची उठलो, प्यायलो, गेलो, आलो आणि झोपलो ही पाच रूपे बरोबर निघाली. गुण द्यायचे झाले तर मुलाला दहापैकी पाच आणि मुलीला दोन मिळाले असते, पण दोघांची समजूत तंतोतंत एकच होती: क्रियापद नेहमी बोलणाऱ्याच्या मागे जाते. म्हणून या टप्प्यावर गुण देऊ नयेत. मुलाने कोणता नियम धरला आहे ते मसुद्यावरून ओळखावे आणि वहीच्या कडेला स्वतःपुरती नोंद करून ठेवावी.

मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी सुधारायच्या होत्या. पहिली म्हणजे मराठीत मुलगी स्वतःबद्दल ‘मी उठले’ म्हणते, तर ‘उठली’ हे ‘ती’चे रूप आहे. हिंदीत ‘मैं उठी’ आणि ‘वह उठी’ यांत क्रियापद एकच राहते, त्यामुळे ही चूक स्वाभाविक होती. ‘ती उठली, मी उठले’ अशी जोडी तिच्याकडून रोज पाच क्रियापदांसाठी म्हणून घेतली. दुसरी गोष्ट वस्तूमागे जाणाऱ्या क्रियापदांची होती आणि ती सगळ्या वर्गालाच शिकवायची होती.

आईला वाक्यात आणून पाहणे

कोणते क्रियापद बोलणाऱ्याच्या मागे जाईल आणि कोणते वस्तूच्या मागे, हे मुलाला स्वतः ठरवता आले पाहिजे. ‘सकर्मक’, ‘अकर्मक’, ‘कर्तरी’ आणि ‘कर्मणी’ हे शब्द चौथीत आणण्याची आवश्यकता नाही, आणि खरे तर ‘सकर्मक’ या शब्दाने येथे पुरते कामही होत नाही, कारण दूध पिण्यात दूध हे कर्म असूनही आपण ‘मी दूध प्यायलो’ असेच म्हणतो. त्याऐवजी मी मुलांना एक साधी परीक्षा शिकवते: वाक्यातील ‘मी’ काढून तेथे आईला आणा आणि आईला ‘ने’ लागते का ते पाहा.

आई उठली. ‘ने’ लागले नाही, म्हणजे क्रियापद माणसामागे गेले. म्हणून मी उठलो किंवा उठले. आईने पोळी खाल्ली. ‘ने’ लागले, म्हणजे क्रियापद पोळीमागे गेले. म्हणून मुलगा असो वा मुलगी, मी पोळी खाल्ली. आईने गणवेश घातला, म्हणून मी गणवेश घातला. आई शाळेत गेली, म्हणून मी शाळेत गेले. आई डबा विसरली, म्हणून मी डबा विसरलो. आई कविता शिकली, म्हणून मी कविता शिकले. ‘विसरणे’ आणि ‘शिकणे’ यांना वस्तू असूनही ‘ने’ लागत नाही, हे मुलांना पाठ करावे लागत नाही. आईचे वाक्य म्हटले की कान आपोआप सांगतो. मी आई निवडते आणि बाबा टाळते, कारण ‘बाबा उठले’ या आदरार्थी रूपातील ‘ले’ आणि मुलीच्या ‘मी उठले’मधील ‘ले’ यांची मुले गल्लत करतात.

ही परीक्षा लावताना दोन ठिकाणी सावध राहावे. हिंदीतही ‘माँ ने रोटी खाई’ अशी रचना असल्यामुळे हिंदी घरातील मुलांना ‘ने’ परका नसतो, पण हिंदीत ‘मैंने’ म्हणतात म्हणून ती मुले ‘मीने पोळी खाल्ली’ असे लिहितात. मराठीत मी, तू, आम्ही आणि तुम्ही यांना असे ‘ने’ लागत नाही, तर त्याने, तिने, आईने असे लागते, एवढे एकदा स्पष्ट सांगावे. शिवाय हिंदीत ‘माँ ने दूध पिया’ होते आणि मराठीत ‘आई दूध प्यायली’. त्यामुळे आपल्या दहा वाक्यांत ‘पिणे’ या एका क्रियापदापुरती या मुलांची परीक्षा चुकते आणि ते सांगूनच ठेवावे लागते. ‘आईने दूध प्यायले’ हे हल्ली बोलण्यात ऐकू येते, तरीही लेखनात मी ‘आई दूध प्यायली’ हेच रूप शिकवते.

दुसरी अडचण वस्तूंच्या लिंगाची असते. ‘आईने चहा केली’ लिहिणारे मूल काळ चुकलेले नसते, त्याच्या मनात हिंदीतील ‘चाय’ असते. पुस्तक, दूध आणि पाणी हे शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत आणि हिंदीत नपुंसकलिंगच नाही. अशा चुकीला भूतकाळाची चूक समजून पुन्हा भूतकाळ शिकवत बसू नये. ‘तो चहा, ती पोळी, ते पुस्तक’ अशी रोजनिशीत येणाऱ्या वस्तूंची यादी वर्गाच्या भिंतीवर लावावी आणि मुलांना लिहिताना तिकडे पाहू द्यावे.

‘मला’, ‘ताईला’, ‘भावाला’ असे शब्द वाक्यात आले तर आणखी एक गोष्ट घडते. ‘आईने मला उठवले’, ‘मी भावाला उठवले’, ‘मी ताईला उठवले’ या तिन्ही वाक्यांत क्रियापद कोणाच्याही मागे न जाता ‘ले’वर स्थिर राहते. मूल स्वतःहून असे वाक्य लिहील तेव्हाच हे सांगावे. नियम म्हणून आधीच सांगितले तर ‘मी ताईला हाक मारली’ या वाक्यात मुले ‘मारले’ लिहू लागतात, कारण तेथे क्रियापद ‘हाक’ या शब्दामागे जाते हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आता जोडीची पाने पुन्हा शेजारी ठेवावीत. सुधारलेल्या पानांवर मुलाचे ‘उठलो, घासले, केली, प्यायलो, खाल्ली, घातला, गेलो, आलो, केला, झोपलो’ आणि मुलीचे ‘उठले, घासले, केली, प्यायले, खाल्ली, घातला, गेले, आले, केला, झोपले’ असेल. सारखी क्रियापदे मोजली की पाच येतात. रोजच्या पानाखाली शून्य, उद्याच्या पानाखाली दहा आणि कालच्या पानाखाली पाच, हे तीन आकडे एका ओळीत फळ्यावर लिहिल्यावर जी शांतता वर्गात पसरते ती मला फार प्रिय आहे, कारण तीनही काळांची मांडणी त्या क्षणी मुलांनी स्वतः मोजून मिळवलेली असते. एखाद्या जोडीचे उत्तर पाच आले नाही, तर शिक्षकाला सगळी पाने न वाचताही कळते की कोणत्या जोडीजवळ जाऊन बसायचे आहे.

रूपे न बनवता लक्षात ठेवण्याची क्रियापदे

‘करला’, ‘जाला’, ‘खाला’ अशी रूपे दिसली तर मूल धातूला सरळ ‘ला’ जोडत आहे असे समजावे. दिनचर्येत नेमकी अनियमित क्रियापदेच जास्त येतात: कर-केले, जा-गेले, ये-आले, खा-खाल्ले, पी-प्यायले, घाल-घातले, घे-घेतले, दे-दिले, धू-धुतले, हो-झाले. दहा रूपांची ही पट्टी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी आणि ‘काल’चे पान लिहिताना मुलांनी ती उघडी ठेवावी. ही रूपे कोणत्याही युक्तीने तयार होत नाहीत, वापरूनच बसतात.

सोमवार आणि पावसाचे दिवस

सोमवारी ‘काल’ म्हणजे रविवार असतो आणि कोणीही शाळेत गेलेले नसते. काही शिक्षक त्या दिवशी रोजनिशी टाळतात, पण मला सोमवार उपयुक्त वाटतो, कारण त्या दिवशी नकार शिकवता येतो. रोज: मी रविवारी शाळेत जात नाही. काल: मी शाळेत गेले नाही. पुढच्या रविवारी: मी शाळेत जाणार नाही. भविष्यकाळात नकार आला की ‘जाईन’ मागे पडते आणि ‘जाणार नाही’ येते. ‘मी नाही जाईन’ असे लिहिणाऱ्या मुलाला हे तीन नमुने शेजारी शेजारी लिहायला द्यावेत.

शाळा जूनच्या मध्यात सुरू होते, म्हणून हा घटक जुलैमध्ये घेतला तर पाऊस आपोआप मदतीला येतो. वर उल्लेख केलेल्या मुलीने अकरावे वाक्य असे लिहिले होते: ‘उद्या मी मैदानावर खेळेन.’ दोन दिवसांनी शेजारच्या पानावर तिने लिहिले: ‘काल खूप पाऊस पडला. मी मैदानावर खेळले नाही. मी घरी चित्र काढले.’ ठरवलेले आणि घडलेले यांत फरक पडला की मुलाला दोन काळ वापरण्याचे खरे कारण मिळते. सगळे ठरल्याप्रमाणेच घडले तर ‘काल’चे पान हा ‘उद्या’च्या पानाचा निव्वळ अनुवाद होतो आणि मुले कंटाळतात, म्हणून अकराव्या वाक्यात रोजचा नसलेला एखादा बेत लिहायला सांगावा.

शेवटच्या दोन तासिका: ‘परवा’ आणि ‘आज’

मूल क्रियापदाकडे पाहून काळ ओळखते की केवळ ‘काल’ आणि ‘उद्या’ हे शब्द पाहून, हे तपासल्याशिवाय घटक पूर्ण झाला असे मानू नये. ‘काल’ दिसला की भूतकाळ, ‘उद्या’ दिसला की भविष्यकाळ, असे उत्तर देणारी मुले प्रश्नपत्रिकेत पूर्ण गुण मिळवतात आणि तरीही ‘काल मी उठते’ असे लिहितात. हिंदी बोलणाऱ्या मुलांना तर ‘कल’ हा शब्द दोन्ही दिवसांसाठी सवयीचा असतो, त्यामुळे ‘काल’ हा शब्द पाहूनही त्यांची खात्री पटत नाही.

यासाठी ‘परवा’ हा शब्द उपयोगी पडतो, कारण मराठीत तो गेलेल्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही दिवसांना लागू होतो. फळ्यावर ‘परवा आम्ही आजीकडे गेलो’ आणि ‘परवा आम्ही आजीकडे जाऊ’ अशी दोन वाक्ये लिहून कोणते वाक्य ‘काल’च्या बाजूचे आणि कोणते ‘उद्या’च्या बाजूचे ते विचारावे. ‘आज’चेही तसेच आहे: ‘आज मी दूध प्यायले नाही’, ‘आज मी संध्याकाळी खेळेन’. अशी आठ वाक्ये दिली आणि मुलाने आठही बरोबर ओळखली, तर ते क्रियापद वाचते आहे असे समजावे.

त्यानंतर प्रत्येक मुलाने ‘परवा’ या शब्दाने सुरू होणारी स्वतःची दोन वाक्ये लिहावीत, एक घडून गेलेल्या गोष्टीचे आणि एक घडणार असलेल्या गोष्टीचे. घडून गेलेल्या गोष्टीच्या वाक्यात एखादी वस्तू असलीच पाहिजे, अशी अट घालावी. हिंदी घरातल्या त्या मुलीने पंधराव्या तासिकेला लिहिले: ‘परवा मी आईबरोबर लोकलने ठाण्याला गेले आणि नवीन दप्तर घेतले. परवा मी ते दप्तर शाळेत आणेन.’ ‘गेले’ तिच्या स्वतःच्या मागे गेले होते आणि ‘घेतले’ दप्तराच्या मागे, पण दोन्ही रूपे सारखीच दिसत होती, म्हणून मी तिला विचारले की दप्तराऐवजी छत्री घेतली असती तर काय लिहिले असते. तिने ‘आईने छत्री घेतली’ असे स्वतःशी पुटपुटले आणि मग वहीत लिहिले: ‘परवा मी ठाण्याला गेले आणि नवीन छत्री घेतली.’